वेड्यात काढणं, विसरणं आणि गॅसलायटिंग

गणपतीत नवरा म्हणाला होता, दिवाळीत चार दिवस तुझ्या माहेरी सांगलीला जाऊ. मी आईला फोन करून सांगूनही टाकलं. आता म्हणतो, असं मी म्हणालोच नव्हतो. ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली, हे गॅसलायटिंग आहे. रागाच्या भरात मी त्याला तसं बोलले, तर तो म्हणतो, तूच मला गॅसलाइट करतेयस. मानसशास्त्रात याचा नेमका अर्थ काय? आणि आमच्याकडे चाललंय ते तेच का?

या एका प्रसंगावरून मी तरी त्याला गॅसलायटिंग म्हणणार नाही. माणूस बोललेलं विसरतो, कधी सोयीने विसरतो, कधी सरळ खोटं बोलतो. तिन्ही वेळा तोंडून वाक्य एकच बाहेर पडतं: ‘मी असं म्हणालोच नव्हतो.’ त्यामुळे नुसत्या वाक्यावरून काही ठरत नाही. त्या वाक्याच्या मागेपुढे काय घडतं, त्यावर सगळं आहे.

मुंबईत वीसेक वर्षं मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. इतक्या वर्षांत एकाही केसपेपरवर निदान म्हणून मी ‘गॅसलायटिंग’ लिहिलेलं नाही, कारण हे निदान नाहीच. आजारांच्या ज्या दोन मोठ्या वर्गीकरणांवर आम्ही काम करतो, त्या डीएसएम-५ मध्येही नाही आणि आयसीडी-११ मध्येही नाही. हे एका माणसाने दुसऱ्याशी केलेल्या वागण्याचं नाव आहे: समोरच्याचा त्याच्या स्वतःच्या डोळ्यांवरचा, कानांवरचा आणि आठवणीवरचा विश्वास उडेल असं पुन्हा पुन्हा वागणं. हिशेबातल्या खोट्याशी याची तुलना करून पाहा. भाजीवाल्याने काटा मारला तर तुमचं दोनशे ग्रॅम नुकसान होतं, पण घरी येऊन तुम्ही वजन करू शकता. गॅसलायटिंग करणारा तुमच्या घरातला काटाच बिघडवतो. मग बाहेरचं खोटं पकडायला तुमच्याकडे काही उरत नाही.

शब्द आला कुठून ते थोडक्यात सांगते, कारण त्या गोष्टीतली एक बारीक खूण पुढे कामाला येणार आहे. पॅट्रिक हॅमिल्टन या इंग्रज लेखकाचं ‘गॅस लाइट’ नावाचं नाटक १९३८ साली इंग्लंडमध्ये आलं, आणि १९४४ च्या अमेरिकन सिनेमामुळे ते जगभर पोचलं. नवरा घरातल्या वस्तू लपवतो आणि बायकोला म्हणतो, तूच हलवल्यास, तुला आठवत नाही, तुझं डोकं ठिकाणावर नाही. रोज बाहेर जातो असं सांगून तो गुपचूप वरच्या बंद मजल्यावर दागिने शोधायला जातो. तिथे त्याने गॅसचा दिवा लावला की खाली बायकोच्या खोलीतला दिवा मंदावतो. पुष्कळांना वाटतं की तिला घाबरवायला तो मुद्दाम दिवे कमी-जास्त करत असतो. तसं नाही. दिवा मंदावणं हा त्याचा डाव नव्हता, ती त्याची चूक होती. तिने पाहिलेली ती खरी गोष्ट होती, आणि तोपर्यंत तिला आपलं पाहिलेलंही खरं वाटेनासं झालं होतं. पुढे पोलिसातला एक माणूस त्याच खोलीत बसलेला असताना त्यालाही दिवा मंदावताना दिसतो, तिथून तिची सुटका सुरू होते. दुसऱ्या कोणाला तरी तेच दिसणं, ही ती खूण.

वैद्यकीय जगात हा शब्द आला तो फार अरुंद अर्थाने. १९६९ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात बार्टन आणि व्हाइटहेड या दोन डॉक्टरांनी काही प्रकरणं मांडली. धडधाकट माणसाला वेडा ठरवून मनोरुग्णालयात टाकायचा घाट आजूबाजूच्या लोकांनीच घातला होता, अशी ती प्रकरणं होती. आपल्याकडे हा अर्थ जुना झालाय असं कोणी समजू नये. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकाराच्या कारणावरून घटस्फोट मागता येतो, त्यामुळे ‘फाइल तयार करणं’ हा प्रकार मी पाहिलेला आहे. झोप येत नाही म्हणून बायकोला डॉक्टरकडे नेतात, चिठ्ठी जपून ठेवतात, आणि दीड वर्षाने ती वकिलाच्या हातात असते. सुदैवाने २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात स्पष्ट म्हटलं आहे की पूर्वी उपचार घेतले किंवा दाखल होता, एवढ्यावरून कोणाला आज मानसिक आजारी ठरवता येणार नाही.

पुढे या अर्थाची कक्षा रुंदावली. वेडं ठरवून दाखल करायचा हेतू नसला, तरी माणसाला स्वतःच्या समजुतीवरच शंका घ्यायला लावणं, हा आजचा अर्थ. २०२२ साली अमेरिकेतल्या मेरियम-वेबस्टर शब्दकोशाने त्या वर्षाचा शब्द म्हणून हाच निवडला. तेव्हापासून माझ्याकडे येणारी निम्मी जोडपी तो सोबत घेऊनच येतात.

आणि इथे एक गंमत आहे. जी व्यक्ती खरोखर यात अडकलेली असते ती सहसा हा शब्द घेऊन येत नाही. ती येते ती ‘माझी मेमरी टेस्ट कराल का?’ असं विचारत.

अशीच एक बाई काही वर्षांपूर्वी आली होती. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि दुसऱ्या एका प्रकरणातले थोडे मिसळले आहेत. वय बेचाळीस, राहायला मुलुंडला, एका बँकेत कॅशवर. तिचं म्हणणं एवढंच, की आपल्याला लवकर विस्मरणाचा आजार लागतोय. दूधवाल्याचे पैसे दिले की नाही ते आठवत नाही. सासूबाईंची गोळी दोनदा दिली असं नवरा म्हणतो. कपाटात ठेवलेले पैसे कमी निघतात, आणि तिनेच काढून खर्च केले असं नंतर कळतं. ‘कळतं’ म्हणजे कोण सांगतं, असं मी विचारलं. ती जरा थांबून म्हणाली, ‘हे सांगतात.’

मी सवयीने चाचण्या घेतल्या. छोटी गोष्ट वाचून दाखवायची, लगेच सांगायला लावायची, अर्ध्या तासाने पुन्हा विचारायची. आकडे सरळ म्हणायला लावायचे, मग उलटे. गोष्टीतलं जवळजवळ सगळं तिला आठवत होतं. आकडे तर तिने माझ्यापेक्षा बरे म्हटले असते, कॅशवरची माणसं ती. पण प्रत्येक उत्तरानंतर ती विचारायची, ‘असंच होतं ना?’ मी नुसती कागदावरून मान वर केली, तर दोनदा तिने बरोबर दिलेलं उत्तर बदललं. आठवण शाबूत होती. आठवणीवर सही करायचा अधिकार मात्र तिने दुसऱ्याला देऊन टाकला होता.

मग तिने फोन दाखवला. गॅलरीत गॅसच्या शेगडीच्या बटणाचे शंभरावर फोटो. रोज सकाळी निघण्यापूर्वी एक. गॅस चालू ठेवून गेलीस, असं तिला दोनदा ऐकवण्यात आलं होतं, म्हणून हा पुरावा. (गॅसचाच फोटो असावा हा योगायोग मला तेव्हाही जाणवला होता, पण ते बोलायची वेळ नव्हती.)

असे फोटो पाहिले की आमच्या डोक्यात पहिल्यांदा ओसीडी, म्हणजे शंकेपायी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार येतो, आणि यायलाच हवा. उदासीनतेत लक्ष लागत नाही आणि लोक त्यालाच विसरणं म्हणतात. थायरॉइड आणि बी-१२ ची कमतरता यांनीही डोकं जड होतं, आणि चाळिशीनंतर झोप बिघडली तरी हेच होतं. म्हणून आधी रक्त तपासून घेतलं. ते ठीक निघालं. ‘घरी कोणीतरी छळतंय’ एवढं ऐकून बाकीचं तपासायचं सोडणारा सल्लागार मला धोकादायक वाटतो. त्या बाईला खरंच थायरॉइड असता तर?

उलगडा झाला तो एका साध्या प्रश्नाने. बँकेत हे होतं का? दिवसाला कितीतरी लाखांची रोकड हातातून जाते, तिथे नोटा पुन्हा पुन्हा मोजाव्याशा वाटतात का? ती जवळजवळ अपमान झाल्यासारखी म्हणाली, ‘छे हो, एकदा टॅली झालं की झालं.’ कित्येक वर्षांत रोकडीत गंभीर फरक आलेला नव्हता. ओसीडीतली शंका पुष्कळदा माणसाबरोबर सगळीकडे हिंडते, आणि स्मृतिभ्रंशाला घर आणि बँक असा फरक कळत नाही. हिच्या शंकेला मात्र ठरलेला पत्ता होता. मुलुंड स्टेशनला उतरून रिक्षात बसली की ती सुरू व्हायची.

तिला मी एक वही करायला सांगितली, बँकेतल्या ड्रॉवरमध्ये ठेवायची. फोनमध्ये नको, कारण फोन घरी सगळे बघत. एखादा प्रसंग घडला की दुसऱ्या दिवशी ऑफिसला पोचताच लिहायचं: मी काय पाहिलं किंवा ऐकलं, तो काय म्हणाला, आणि पडताळायला काही कागद आहे का. मत लिहायचं नाही, ‘त्याने मला फसवलं’ असंही नाही. मुख्य म्हणजे वही घरी दाखवायची नाही आणि तिच्या जोरावर भांडायचं नाही. ही अट मी प्रत्येकाला घालते. ज्या घरात खरोखर असं चाललेलं असतं, तिथे पुरावा पुढे केला की गोष्ट मिटत नाही, चिघळते. हात उचलणारा माणूस असेल तर जिवावरही बेतू शकतं.

सात आठवड्यांत चौदा नोंदी झाल्या. आम्ही दोघींनी मिळून त्या पडताळल्या. दोन ठिकाणी तीच चुकली होती, सासूबाईंची गोळी तिने खरंच दुसऱ्यांदा काढून ठेवली होती. चार ठिकाणी खरं-खोटं कळायला मार्ग नव्हता. आठ ठिकाणी कागद तिच्या बाजूने होता, आणि त्या आठांपैकी सात पैशांच्या गोष्टी होत्या. पासबुक, कपाटातली रोकड, मोडलेली एक मुदत ठेव, जिच्यावर ‘तूच सही केलीस, तुला आठवत नाही’ असं तिला सांगितलं होतं.

हे प्रमाण कुठल्याही चाचणीपेक्षा मला जास्त सांगून गेलं. विसरभोळा माणूस सगळीकडे विसरतो: छत्री विसरतो, वाढदिवस विसरतो, स्वतःच्या फायद्याचंही विसरतो. इथे ‘विसरणं’ एकाच दिशेने झुकत होतं, आणि ती दिशा नवऱ्याने परस्पर काढलेल्या कर्जाकडे जात होती. दूध, गोळ्या, गॅसचं बटण ही नुसती आजूबाजूची पेरणी होती. तिचं लक्ष राहत नाही हे एकदा घरात आणि नातेवाइकांत ठरून गेलं, की पैशांबद्दल तिने विचारलेला प्रश्न आपोआप ‘परत तुझं सुरू झालं’ यात निकालात निघत होता. तिच्या सख्ख्या बहिणीलाही त्याने काळजीच्या सुरात सांगून ठेवलं होतं, हल्ली तिचं बरं नाही, तिच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका.

पुढे तिने न राहवून मुदत ठेवीचा कागद त्याच्यासमोर ठेवलाच. तो क्षण तिने वहीत शब्दशः लिहून आणला. तो म्हणाला, ‘तू माझ्या मागे पुरावे गोळा करतेस? बघ, हेच मी म्हणतोय. हे नॉर्मल माणसाचं लक्षण आहे का?’

याच जागी फरक स्वच्छ दिसतो. पुरावा समोर आला की विसरलेला माणूस म्हणतो, ‘अरे हो, चुकलंच माझं.’ थोडा खजील होतो, थोडा चिडतोही, पण विषय ठेवीचाच राहतो. खोटं बोलणारा नवं खोटं रचतो, ‘ते पैसे भावाला दिले होते’ वगैरे. तोही ठेवीबद्दलच बोलत असतो. तिसरा माणूस ठेवीवर बोलतच नाही. तो कागद बाजूला सारतो आणि कागद आणणाऱ्याच्या डोक्याकडे बोट दाखवतो. पाच मिनिटांनी तुम्ही स्वतःच्या शहाणपणाची बाजू मांडत असता, आणि ठेव कुठे गेली हा प्रश्न कधी विरला ते कळतही नाही.

हा माणूस हे ठरवून करत होता का? या बाबतीत जाणकारांत एकमत नाही. मला तरी वाटतं की नाटकातल्यासारखा थंड डोक्याचा कारस्थानी माणूस क्वचितच भेटतो. बहुतेकांना फक्त जाब द्यायचा नसतो. ‘तुला आठवत नाही’ हे वाक्य एकदा कामी येतं, म्हणून दुसऱ्यांदा वापरलं जातं. विसाव्या वेळेपर्यंत त्यांना स्वतःलाही ते खरं वाटू लागतं. हेतू नसला म्हणून बाईच्या गॅलरीतले फोटो कमी होत नाहीत, त्यामुळे मी हेतूच्या मागे फार लागत नाही. घडतंय काय आणि किती वेळा, ते बघते.

आता तुमच्या दिवाळीकडे येऊ, पण त्याआधी आठवणीबद्दलचा एक प्रयोग. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं ‘चॅलेंजर’ अंतराळयान उड्डाणानंतर लगेच फुटलं. नाइसर या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्याच दिवशी आपल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कुठे कळली, कोणी सांगितली, काय करत होतात. सुमारे अडीच वर्षांनी त्यातल्या काहींना पुन्हा तेच विचारलं. पुष्कळांनी भलतंच सांगितलं, आणि तेही छातीठोकपणे. मग त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातला जुना कागद दाखवला. तरीही काहींना आताची आठवणच खरी वाटत राहिली. त्या वर्गात कोणी कोणाला फसवत नव्हतं. आठवण अशीच असते: दर वेळी काढताना ती थोडी नव्याने शिवली जाते, आणि शिवण आपल्याला दिसत नाही.

त्यात आपली भाषा आणखी भर घालते. ‘दिवाळीत जाऊ’ हे वाक्य तुम्ही दोघांनी ऐकलं असणार, पण एकाने वचन म्हणून आणि दुसऱ्याने विषय पुढे ढकलायला. मराठी घरात ‘बघू’, ‘जाऊ की’, ‘करू या काहीतरी’ यांचे बोलणाऱ्याच्या लेखी आणि ऐकणाऱ्याच्या लेखी दोन वेगळे अर्थ असतात. गणपतीच्या गडबडीत, आरतीला माणसं खोळंबलेली असताना म्हटलेलं ‘जाऊ की’ त्याच्या डोक्यात साठलंच नसेल. तुमच्या डोक्यात मात्र ते घट्ट बसलं, कारण सांगली तुमची आहे. इथे दोघं खरं बोलत असण्याची शक्यता मला बरीच वाटते.

म्हणून तो निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. दिलेला शब्द विसरणं हीसुद्धा तक्रार आहे, आणि आईला सांगून बसल्यावर तोंडघशी पडायला होतं ते वेगळंच. पण त्या तक्रारीला तिचं स्वतःचं नाव द्यावं. आपल्याकडे यासाठी शब्दांची वाण नाही. नुसतं फसवलं तर थापा मारल्या, शेंडी लावली. माहीत असून नाकारलं तर कानावर हात ठेवले. ‘एवढं काय त्यात’, ‘तू फार मनाला लावून घेतेस’ असं म्हणून दुखणं उडवून लावणं याला कोणी गॅसलायटिंग म्हणतात. ते मला पटत नाही, कारण तिथे घडलेली गोष्ट नाकारलेली नसते, तिची किंमत नाकारलेली असते. ते लागतं, फार लागतं, पण त्यावरचा उपाय वेगळा आहे. स्वतः चूक करून पकडणाऱ्यावरच उलटणं याला मानसशास्त्रात अलीकडे लांबलचक नावं आली आहेत. चोराच्या उलट्या बोंबा म्हटलं की माझ्या आजीलाही कळलं असतं.

गॅसलायटिंगच्या सगळ्यात जवळ जाणारा शब्द म्हणजे ‘वेड्यात काढणं’. आणि गंमत अशी, की ‘मला काय वेड्यात काढतोस का?’ असं जो ठणकावून विचारू शकतो, तो अजून त्यात पुरता अडकलेला नसतो. त्याचा काटा जागेवर आहे. अडकलेली माणसं असं विचारत नाहीत, ती माफी मागतात. माझ्याकडे आलेली ती बाई दर दहा वाक्यांमागे ‘माझंच चुकत असेल’ म्हणायची. तुमच्या प्रश्नात मला ते दिसलं नाही. तुम्हाला राग आलाय, आणि तो काय म्हणाला होता ते तुम्हाला पक्कं आठवतंय.

नवऱ्याने उलटून तुम्हालाच ‘तू मला गॅसलाइट करतेयस’ म्हटलं, ते या शब्दाच्या सैल वापरामुळेच. ‘आपल्याला हे वेगवेगळं आठवतंय’ असं म्हटलं असतं तर पुढे बोलणं झालं असतं. ‘तू मला गॅसलाइट करतोस’ या वाक्यानंतर समोरच्याला दोनच वाटा उरतात: कबूल करा किंवा नाकारा. नाकारलं की तोच पुरावा, बघ, आताही तेच करतोयस. अशा वाक्याने कोंडी होते. दोघांपैकी ज्याचा आवाज मोठा, त्याच्या हातात हा शब्द जास्त चालतो, हा माझा अनुभव. बायकोला खरोखर वेड्यात काढणारा एक गृहस्थ माझ्यासमोर सोफ्यावर बसून, अगदी बरोबर उच्चारासह, ‘शी इज गॅसलाइटिंग मी’ असं चाळीस मिनिटं सांगत होता.

आणखी एका ठिकाणी हा शब्द हमखास चुकीचा पडतो. घरातल्या सत्तरी उलटलेल्या आजी म्हणतात, सून माझ्या बांगड्या लपवते आणि वर मी ठेवल्याच नव्हत्या म्हणते. परदेशात राहणारी लेक फोनवर ऐकते आणि वहिनीवर हा शब्द टाकून मोकळी होते. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला वस्तू भलत्याच जागी ठेवणं आणि मग चोरीचा आळ घेणं ही अगदी नेहमीची खूण आहे. चाळीतून नव्या बिल्डिंगमध्ये राहायला गेल्यावर तर ती हटकून उघडी पडते, कारण जुन्या घरात हाताला सवय असते. मात्र उलटंही घडतं. फ्लॅटच्या कागदांवर सही हवी असली की धडधाकट म्हाताऱ्याला ‘आता त्यांना काही समजत नाही’ असं ठरवणारेही भेटतात. म्हणून अशा वेळी आधी आजींची नीट तपासणी, मग आरोप.

तुम्ही सध्या एवढंच करा. राग निवल्यावर त्याला म्हणा, ‘तू म्हणाला होतास असं मला आठवतंय, तुला नाही आठवत, ठीक आहे. मी आईला सांगून बसले आहे, आता काय करायचं?’ आणि तो कशाबद्दल बोलतो ते ऐका. सुट्टी, तिकिटं, त्याच्या घरचे काय म्हणतील याबद्दल बोलला, अगदी भांडला, तरी तुमचं नेहमीचं नवरा-बायकोचं भांडण आहे. ‘तुला हल्ली कसलेही भास होतात’ या वळणावर गेला तर मनात नोंद करा, एका वेळेने घाबरू नका. पुढच्या दोन-तीन महिन्यांत ते किती वेळा होतं, कुठल्या विषयांवर होतं, आणि तुमच्या माहेरच्यांना किंवा मैत्रिणींना तो तुमच्याबद्दल काळजीच्या सुरात काही सांगत असतो का, ते बघा. नाटकातल्या त्या पोलिसासारखं, तुमच्या खोलीत बसून दिवा बघणारं एक तरी माणूस हाताशी ठेवा, बहीण म्हणा, ती मैत्रीण म्हणा. तिच्याशी बोलताना मात्र शब्द न वापरता नुसतं घडलेलं सांगा.

आणि तसंच निघालं, तर जोडप्याच्या समुपदेशनाला जायची घाई करू नका. पुष्कळजण मला याबद्दल नावं ठेवतात, पण मी आधी एकटीला भेटते. दोघांना समोरासमोर बसवलं की वेड्यात काढणाऱ्याला आणखी एक श्रोता मिळतो, आणि बाईने तिथे सांगितलेलं घरी जाऊन तिच्यावरच वापरलं जातं. बोलायला कोणी नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. घरात धाक किंवा मारहाण असेल तर महिलांसाठीचा १८१ हा क्रमांक. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळही येतो. त्यासाठी अंगावर वळ दाखवावा लागत नाही. मुंबईत पोलिसांसोबत काम करणारे महिलांचे विशेष कक्ष १९८४ पासून आहेत, तिथे पोलिसांत तक्रार न करताही समाजकार्यकर्तीशी नुसतं बोलून येता येतं. मुलुंडच्या बाईने तेच केलं होतं. बहिणीला सोबत घेऊन गेली, वही पुढे ठेवली, आणि पहिल्यांदाच ‘असंच होतं ना?’ असं न विचारता सगळं सांगून आली.